१२ शाळा, १२०० मुलं, आणि तरीही सॅम्पल कमी पडतं ते का

प्रश्न: सिंधुदुर्गात एका संस्थेबरोबर शाळेतल्या मुलांच्या ॲनिमियावर काम करतोय. ६ शाळांत नवीन कार्यक्रम आणि ६ शाळांत नेहमीचंच, असं चिठ्ठ्या टाकून ठरवणार आहोत. प्रत्येक शाळेत साधारण १०० मुलं, म्हणजे १२००. ॲनिमिया ५० टक्क्यांवरून ४० वर आणायचा आहे, कॅल्क्युलेटर म्हणतो ७७० मुलं बास. पण एक सर म्हणाले डिझाईन इफेक्ट धरला तर साडेचार हजार मुलं लागतील. एवढा फरक कसा? आणि त्याच १२ शाळांतली अजून मुलं घेतली तर भागेल का?

उत्तर:

शेवटचं आधी सांगतो, नाही भागणार. त्या १२ शाळांत प्रत्येकी हजार मुलं असती आणि तुम्ही सगळ्यांच्या बोटाला टोचलं असतंत तरीही नाही. तुमच्या सरांचा आकडा बरोबर आहे पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली, कारण साडेचार हजार मुलं त्याच १२ शाळांत शोधली तर त्याचा उपयोग नाही, ती ४६ शाळांत पसरलेली असायला हवीत.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तिथूनच सुरुवात करू. एक शीत दाबलं की अख्ख्या टोपातल्या भाताचं कळतं, कारण एकाच टोपातली शितं एकमेकांसारखी असतात. आता समजा गावजेवण आहे, १२ टोप चुलीवर आहेत, आणि तुम्हाला सगळ्या भाताचं सांगायचंय. एका टोपातली १०० शितं दाबून काय मिळणार, पहिल्या चार-पाच शितांनी जे सांगितलं तेच पुढची ९५ सांगत बसतील. तुम्हाला दुसऱ्या टोपात हात घालावा लागेल. शाळा म्हणजे टोप. एका शाळेतल्या मुलांचं पाणी एकाच विहिरीचं किंवा एकाच नळयोजनेचं, पोषण आहार शिजवणारी बाई एक, गोळ्या वाटणारे गुरुजी एक (आणि ते सोमवारी रजेवर असले की त्या आठवड्याची गोळी सगळ्यांचीच बुडते), वाडी बरेचदा एकच, म्हणजे घरातला आहारही बऱ्यापैकी सारखा. म्हणून एकाच शाळेतली दोन मुलं ही दोन वेगवेगळी माहिती देत नाहीत, पूर्ण दोन तर नाहीच. तुमचा कॅल्क्युलेटर मात्र प्रत्येक मूल स्वतंत्र धरून चालतो, त्याला शाळा ठाऊकच नाही.

हे सारखेपण मोजायचा आकडा म्हणजे आयसीसी, ग्रीक अक्षर रो. शून्य असेल तर शाळेमुळे काहीच फरक पडत नाही, १ असेल तर शाळेतली सगळी मुलं अगदी एकसारखी. आणि सॅम्पल किती पट वाढवायचं, म्हणजेच सरांचा डिझाईन इफेक्ट, तो या साध्या सूत्राने ठरतो, m म्हणजे एका शाळेतली मुलं:

`DE = 1 + (m − 1) × ρ`

तुमच्यासाठी रो ०.०५ धरू, शाळेत १०० मुलं. १ + ९९ × ०.०५ म्हणजे ५.९५. कॅल्क्युलेटरने एका गटाला ३८५ सांगितले होते, त्याला ५.९५ ने गुणलं की एका गटाला २२९१, दोन्ही गट मिळून ४५८२. सरांचे साडेचार हजार ते हे. ०.०५ ऐकायला किती बारीक वाटतं, लोक तिथेच फसतात, पण तो ९९ ने गुणला जातोय हे विसरतात.

उलट्या बाजूनेही बघा. तुमच्या एका गटात ६०० मुलं आहेत, ६०० भागिले ५.९५ म्हणजे साधारण १०१. म्हणजे सहाशे मुलं टोचून तुम्हाला जी माहिती मिळणार ती सुट्या सुट्या निवडलेल्या शंभरेक मुलांएवढीच. एवढ्यावर ८० टक्के पॉवरने, म्हणजे १०० पैकी ८० वेळा, फरक पकडायचा तर तो २० टक्के पॉइंटच्या आसपास असायला लागतो, आणि शाळा फक्त १२ असल्यामुळे टी टेबल वापरावं लागतं ते धरलं तर २१-२२. म्हणजे ५० वरून २८-२९ टक्क्यांवर आणलंत तर दिसेल. १० पॉइंटचा फरक खरोखर पडला तरी तुमच्या अभ्यासात तो बहुतेक वेळा हरवेल आणि अहवालात लिहावं लागेल की कार्यक्रमाचा परिणाम दिसला नाही, आणि पुढच्या वर्षी तो कार्यक्रम बंद.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जास्त मुलं घेऊन का भागत नाही. रो ०.०५ च ठेवून एका गटाला किती शाळा लागतात ते बघा. शाळेमागे १० मुलं घेतली तर ५६ शाळा, २० घेतली तर ३८, ५० घेतली तर २७, १०० घेतली तर २३, आणि ४०० घेतली तर २१. सुरुवातीला आकडा झपझप उतरतो आणि मग अडतो. २० च्या खाली तो कधीच येत नाही, कितीही मुलं घ्या, कारण खालची मर्यादा आहे ३८५ × ०.०५ म्हणजे १९.२५. हा गुणाकार लक्षात ठेवा, साध्या सॅम्पलचा एका गटाचा आकडा गुणिले रो. तुमच्याकडे एका गटाला यापेक्षा कमी शाळा असतील तर तो ट्रायल होऊच शकत नाही, पुढचं गणित करायचीही गरज नाही. तुमच्याकडे ६ आहेत. बरं, रो अगदी ०.०१ धरला, म्हणजे फारच उदार झालो, तरी १०० मुलांच्या हिशोबाने एका गटाला ८ शाळा लागतात.

याच आकड्यांत खर्चाचाही हिशोब आहे. २० मुलांच्या ३८ शाळा म्हणजे एका गटात ७६० मुलं, १०० मुलांच्या २३ शाळा म्हणजे २३००. पंधरा शाळा वाचवायला तुम्ही दीड हजार जास्त मुलं टोचताय. दोडामार्ग-वैभववाडीच्या बाजूला एकेका वाडीवर गाडी नेण्याचा खर्च मोठा असतो हे मान्य, तिथे कदाचित शाळा कमी आणि मुलं थोडी जास्त परवडेल, पण ५० च्या पुढे जाण्यात मला सहसा अर्थ दिसत नाही.

खरं तर कोकणात हे गणित आपल्या बाजूने आहे. वाडीवाडीला जिल्हा परिषदेची शाळा, पटसंख्या कुठे १२ कुठे २५. सगळे पटसंख्येच्या नावाने रडतात, पण मुलांऐवजी अख्ख्या शाळांच्या चिठ्ठ्या टाकणाऱ्या क्लस्टर ट्रायलवाल्याला बारक्या बारक्या भरपूर शाळा म्हणजे चैन आहे. तुम्ही १०० मुलांच्या शाळा निवडल्यात कारण त्या रस्त्यालगत आहेत आणि एका फेरीत उरकतं, बरोबर ना? तिथेच सगळं बिघडलं.

पण लहान शाळांची एक खोच आहे. त्या सारख्या लहान नसतात. एका शाळेत ८, पुढच्या शाळेत ६०. वरचं सूत्र सगळ्या शाळा सारख्या आकाराच्या धरतं, आकार वरखाली असले की सॅम्पल अजून वाढतं. त्यासाठी पटसंख्येचं स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी, म्हणजे सीव्ही काढायचा. समजा सरासरी २० आणि एसडी १३, तर सीव्ही ०.६५. मग हे असं, आर मध्ये:

```r
n <- 385; m <- 20; rho <- 0.05; cv <- 0.65
de <- 1 + ((1 + cv^2) * m - 1) * rho
ceiling(n * de / m) + 1
```

डिझाईन इफेक्ट १.९५ चा २.३७ होतो आणि शाळा ३८ च्या ४६. शेवटचा `+ 1` म्हणजे गटामागे एक शाळा वाढीव, शाळा मोजक्या असताना टी टेबलमुळे जी तूट पडते ती भरून काढायला, म्हणून उत्तर येतं ४७. पटसंख्या तुम्हाला यू-डायसच्या यादीत आधीच मिळते, त्यामुळे सीव्ही अंदाजाने धरायची गरज नाही, फक्त अख्खी पटसंख्या घेऊ नका, तुमच्या वयोगटातली मुलं तेवढीच मोजा.

मग रो कुठून आणायचा. इथे लोक फार खेळ करतात. बजेटमध्ये किती शाळा बसतात ते आधी बघतात आणि त्याला जुळेल असा रो शोधून आणतात, मी हे प्रस्ताव तपासताना इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तेच पान उघडतो. दुसरी चूक म्हणजे चार शाळांत पायलट करायचं, त्यातून रो काढायचा आणि तो दगडावरची रेघ समजायचा. चार शाळांतून काढलेला रो ०.०१ येऊ शकतो तसा ०.१५ ही, त्यात अर्थ नाही. तुमच्यासारख्याच मुलांवर, त्याच मोजमापावर झालेल्या अभ्यासांतले आकडे घ्या, दोन-तीन रो धरून गणित करा आणि त्यातला जरा कडक धरा.

आणि आकडा डोक्यात बसत नसेल तर त्याला टक्क्यांत आणा. ॲनिमिया सरासरी ५० टक्के असेल आणि रो ०.०५, तर शाळाशाळांतल्या खऱ्या प्रमाणाचं एसडी येतं साधारण ११ टक्के पॉइंट (०.०५ × ०.५ × ०.५ चं वर्गमूळ). म्हणजे बहुतेक शाळा २८ ते ७२ टक्क्यांच्या मध्ये. रो ०.०१ असेल तर एसडी ५, बहुतेक शाळा ४० ते ६० मध्ये. आता तुमच्या तालुक्यातल्या जुन्या सिस्टरना विचारा, काही शाळांत तिसरा हिस्सा मुलं फिकट आणि काही शाळांत दोन तृतीयांश, असं असतं का? त्या हो म्हणाल्या तर ०.०१ विसरा. फक्त दहा-बारा मुलांच्या शाळेतला कच्चा टक्का बघून हे ठरवू नका, तिथे नुसत्या योगायोगानेच टक्का हेलकावे खातो.

एक गोष्ट मात्र कुठल्या सूत्रात नाही आणि मी ती भोगलीय. आयसीसी फक्त मुलांच्या सारखेपणातून येत नाही, मोजण्यातूनही येतो. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही वलाटीतल्या एका शाळेत हिमोग्लोबिन मोजत होतो, पाऊस असा की वर्गात दिवा लावून बसलो होतो. हिमोग्लोबिनोमीटरच्या क्युव्हेटचा डबा दमट हवेत उघडा राहिला की क्युव्हेट खराब होतात आणि रीडिंग बिघडतं, हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी मध्ये चहा आला, सगळे उठले. परत येऊन तोच डबा पुढे चालू. संध्याकाळी आकडे उतरवताना त्या शाळेचे आकडे आजूबाजूच्या शाळांशी काही केल्या जुळेनात. आमचा मदतनीस कुडाळचा, तो हळूच म्हणाला, "सर, डबो उघडोच रवलो हुतो." आता बघा, हा घोळ सुट्या मुलांत पसरलेला नव्हता, अख्खी शाळा एकाच बाजूला ढकलली गेली होती. अशा चार शाळा झाल्या की आयसीसी आपोआप फुगतो आणि तुम्हाला वाटतं की शाळाशाळांत केवढा फरक आहे. पुढच्या फेरीपासून आम्ही डबा बंद करायचं काम एकाच माणसाला दिलं, रोज सकाळी कंट्रोल सोल्युशन लावलं, आणि मुख्य म्हणजे कुठल्याच टीमला एकाच गटाच्या शाळा दिल्या नाहीत. ते केलं नाही आणि एका टीमचं मशीन थोडं खाली दाखवत असेल तर तो फरक सरळ कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतो.

डिझाईन इफेक्ट न धरता विश्लेषण केलं तर नक्की काय होतं, हेही आकड्यात बघून ठेवा, कारण कोणीतरी तुम्हाला सांगेलच की डेटा तर गोळा झालाय, लावा काय-स्क्वेअर. तुमच्या ५.९५ ला खरी स्टँडर्ड एरर दिसते त्यापेक्षा २.४४ पट मोठी असते. म्हणजे ज्याला तुम्ही १.९६ समजताय ते खरं ०.८०. कार्यक्रमाचा शून्य परिणाम असला तरी १०० पैकी ५ ऐवजी ४२ वेळा पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल. जवळजवळ नाणं उडवल्यासारखं. गोष्ट नवीन नाही, कॉर्नफिल्डने १९७८ मध्ये गटागटाने रँडमाईज केल्याचा हा धोका स्पष्ट मांडला होता, आणि डिझाईन इफेक्ट हा शब्द सर्व्हेवाल्यांनी, किशने, त्याच्याही आधी रुळवलेला. तरी एमडी-एमपीएचच्या प्रबंधात आजही एक गाव इकडे आणि एक गाव तिकडे असा अभ्यास येतो. तिथे तर डिझाईन इफेक्ट काढायचीही सोय नाही, एका गटात एकच टोप, गावाचा फरक कुठला आणि कार्यक्रमाचा कुठला हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही. आणि मोठ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर उत्तर प्रदेशातला डेव्हटा ट्रायल बघा, विटामिन ए आणि जंताच्या गोळ्यांचा, १० लाखांच्या आसपास मुलं, २०१३ मध्ये छापून आला. पण चिठ्ठ्या टाकल्या त्या ७२ ब्लॉकच्या, म्हणून विश्लेषण करताना मोजायचे ते ७२.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. पहिलं, ॲनिमिया आहे-नाही असं दोन खणांत टाकण्याऐवजी हिमोग्लोबिनची सरासरी हा मुख्य आउटकम घेईन. कट-ऑफ लावला की माहिती वाया जाते. एसडी १.२ ग्रॅम धरली तर ५० चे ४० टक्के होणं म्हणजे साधारण ०.३ ग्रॅमची वाढ, आणि तोच फरक पकडायला एका गटाला ३८५ ऐवजी २५२ मुलं पुरतात. २० मुलांच्या शाळा, रो ०.०५, सीव्ही ०.६५ धरून एका गटाला ३० शाळा, वाढीव एक म्हणून ३१. ४७ वरून ३१, एकही जास्त मूल न टोचता. ॲनिमियाचा टक्का अहवालात द्याच, फक्त सॅम्पल त्याच्यावर ठरवू नका. कार्यक्रमाआधीचं हिमोग्लोबिन मोजून ते विश्लेषणात घेतलंत तर शाळाशाळांतला जुना फरक बराचसा तिथेच कापला जातो, पॉवर अजून वाढते, पण मी ते गणितात धरत नाही, वरकमाई समजतो.

दुसरं, चिठ्ठ्या टाकण्याआधी खलाटी आणि वलाटी असे दोन भाग करेन आणि प्रत्येक भागात वेगळ्या चिठ्ठ्या. देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची मासे-सुकट रोजची असलेली मुलं आणि घाटाखालची मुलं यांचं हिमोग्लोबिन सारखं असेलच असं नाही, आणि १२ शाळांत एका गटात खलाटीच्या शाळा जास्त जाणं अगदी सहज घडू शकतं. हे दोन भाग आणि वाटल्यास पटसंख्येने लहान-मोठी, बास, याहून जास्त तुकडे करू नका.

तिसरं, शाळा हाच क्लस्टर ठेवायचा का ते कार्यक्रमावर आहे. कार्यक्रम गुरुजींच्या प्रशिक्षणाचा असेल तर एका केंद्रातल्या शाळांचे गुरुजी शिक्षण परिषदेला भेटतात, चहाला एकत्र बसतात, आणि कंट्रोल शाळेतले गुरुजी म्हणतात, बरं आहे की हे, आम्हीही करतो. तेव्हा अख्खं केंद्रच क्लस्टर करावं लागतं, आणि मग m वाढतो, केंद्रं मोजकीच असतात, वरचं सगळं गणित पुन्हा करायचं. फक्त मुलांना गोळ्या किंवा वेगळा खाऊ असं असेल तर शाळा ठीक आहे. आणि हायस्कूल घेणार असाल तर गाव हा क्लस्टर धरूच नका, एसटीने पाच-सहा गावांची पोरं एकाच वर्गात येतात.

शाळा गळण्याचीही तयारी ठेवा. मूल गळलं तर एक मूल गेलं, पण पटसंख्या कमी म्हणून शाळाच दुसरीकडे जोडली तर अख्खा टोप गेला. दोन-तीन शाळा प्रत्येक गटात जास्तीच्या घ्या, म्हणजे ३१ च्या ३३-३४ होतील. मे महिना आणि गणपतीची सुट्टी टाळून मोजणी ठेवा, गणपतीत निम्मी मुलं वर्गात नसतात आणि चाकरमान्यांच्या घरची पाहुणी मुलं रांगेत उभी राहतात, आमच्या यादीत अशी दोन घुसली होती.

विश्लेषण सोपं ठेवा. प्रत्येक शाळेची एक सरासरी काढा आणि त्या साठेक आकड्यांवर टी टेस्ट लावा, कोणी नाव ठेवणार नाही. मिक्स्ड मॉडेल येत असेल तर शाळेला रँडम इंटरसेप्ट द्या, दोन्ही उत्तरं जवळपास यायला हवीत, फार वेगळी आली तर कुठल्यातरी एका मोठ्या शाळेने उत्तर ओढलंय का ते बघा. अहवालात तुमच्या डेटातून निघालेला रो नक्की लिहा, कॉन्सॉर्टची क्लस्टर ट्रायलवाली यादी तो मागतेच, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात कोणी असाच अभ्यास काढला तर त्याला ०.०५ अंदाजाने धरावं लागणार नाही.

आत्ता लगेच करायचं म्हणजे यू-डायसची यादी घ्या, आठही तालुक्यांतल्या तुमच्या वयोगटात ८ पेक्षा जास्त मुलं असलेल्या शाळा गाळून काढा, सरासरी आणि एसडी इथे टाका, सीव्ही किती येतोय त्यावर ३१ चा आकडा वरखाली होईल. संस्थेचं बजेट १२ च शाळांचं असेल तर तेही सांगा, मग ट्रायलचं नाव न देता कार्यक्रम नीट राबवला जातोय का एवढंच बघणारा अभ्यास करू, त्याला १२ शाळा पुष्कळ आहेत.